बहात्तरचा नियम : दामदुपटीचा तोंडी हिशेब

चक्रवाढ व्याजाने ठेवलेली रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल, हे काढायचे असेल तर ७२ या संख्येला वार्षिक व्याजदराने भागायचे. दर सहा टक्के असेल तर बारा वर्षे, आठ टक्के असेल तर नऊ वर्षे, नऊ टक्के असेल तर आठ वर्षे. हाच भागाकार उलट बाजूनेही चालतो. रक्कम दहा वर्षांत दुप्पट झाली असे कळले, तर ७२ ला १० ने भागून दर ७.२ टक्के होता, हे लगेच सांगता येते. याला बहात्तरचा नियम म्हणतात.

नियम जुना आहे. लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूचा ‘सुम्मा’ हा गणिताचा ग्रंथ १४९४ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यात हा नियम दिलेला आहे आणि त्याचे उदाहरणही सहा टक्क्यांना बारा वर्षे असेच आहे. पाचोलीने त्याची सिद्धता दिलेली नाही, त्यामुळे व्यापाऱ्यांमध्ये तो आधीपासून रुळलेला असावा. असा हिशेब नेमका करण्यासाठी लागणारी लॉगॅरिदमची कोष्टके जॉन नेपियरने प्रसिद्ध केली ती १६१४ साली, म्हणजे त्यानंतर १२० वर्षांनी.

७२ हीच संख्या का, हे शंभर रुपयांचा खाते-उतारा मांडला की कळते. शंभर रुपये द.सा.द.शे. ८ चक्रवाढ व्याजाने ठेवले. पहिल्या वर्षाअखेर १०८ झाले, दुसऱ्या वर्षाअखेर ११६.६४, तिसऱ्या वर्षाअखेर १२५.९७. पाचव्या वर्षाअखेर ही रास १४६.९३ होते, सातव्याला १७१.३८ आणि नवव्याला १९९.९०. दुपटीला फक्त दहा पैसे कमी पडले. आता हे जवळजवळ शंभर रुपयांचे व्याज आले कुठून ते पाहावे. मूळ शंभर रुपयांनी दरवर्षी ८ रुपये याप्रमाणे नऊ वर्षांत ७२ रुपये मिळवले. उरलेले सुमारे २८ रुपये व्याजावरच्या व्याजाचे आहेत.

सगळे मर्म या वाटणीत आहे. दर कोणताही घेतला तरी ‘७२ भागिले दर’ इतक्या वर्षांत मुद्दलाचे स्वतःचे व्याज शेकडा ७२ रुपयेच होते; तो साधा गुणाकार आहे. नियमाचा दावा एवढाच की तोवर व्याजावरचे व्याज उरलेल्या २८ रुपयांची भर घालते. ही भर सर्व दरांना अगदी २८ नसते. सहा टक्क्यांना बारा वर्षांत ती २९ रुपयांच्या थोडी पुढे जाते, बारा टक्क्यांना सहा वर्षांत २५ रुपयांच्या आसपास राहते. पण घरात, बँकेत, पोस्टात सर्वसामान्य माणसाला भेटणारे दर बहुतेक याच पट्ट्यात असतात आणि तिथे चूक काही महिन्यांपलीकडे जात नाही. शिवाय ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९ आणि १२ या सगळ्यांनी निःशेष भाग जातो. तोंडी हिशेबासाठी याहून सोयीची संख्या मिळणे कठीण.

भारतात या नियमाची सर्वांत चांगली परीक्षा पोस्टाच्या किसान विकास पत्रावर घेता येते, कारण या योजनेची ओळखच ‘इतक्या महिन्यांत दुप्पट’ अशी आहे. ही योजना १९८८ साली सुरू झाली तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. ७२ ला ५.५ ने भागले की १३.१ येतात. प्रत्यक्ष दर १३.४ टक्क्यांच्या जवळ होता, म्हणजे तोंडी हिशेब फारसा चुकला नाही. २०११ साली योजना बंद झाली आणि २०१४ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली, ती शंभर महिन्यांत दुप्पट करणारी. शंभर महिने म्हणजे आठ वर्षे चार महिने. ७२ ला ८.३३ ने भागले की साधारण ८.६ टक्के येतात आणि जाहीर दर होता ८.७. पुढे १ एप्रिल २०२३ पासून दर ७.५ टक्के आणि मुदत ११५ महिने अशी ठरली. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षे. महिने केले तर ११५.२. सरकारी तक्त्यातला आकडा पाटी-पेन्सिलशिवाय हाती आला.

याच पत्राच्या आधारे आणखी एक पाऊल पुढे जाता येते. समजा, वीस टक्के कराच्या टप्प्यातल्या एका नोकरदाराने एक लाख रुपयांचे पत्र घेतले. या व्याजावर प्राप्तिकर लागतो. साडेसात टक्क्यांचा पाचवा भाग, म्हणजे दीड टक्का, करात गेला की हातात सहा टक्के उरतात. उपकराची किरकोळ भर इथे सोडून दिली आहे. सहा टक्क्यांना दुपटीची मुदत बारा वर्षे. पोस्टाच्या कागदावर ११५ महिने लिहिलेले असले, तरी कर वजा जाता त्या माणसाचे पैसे दुप्पट व्हायला जवळजवळ अडीच वर्षे जास्त लागतात. आता महागाई वर्षाला चार टक्के धरली, तर वस्तू विकत घेण्याच्या ताकदीत होणारी वाढ वर्षाला सुमारे दोन टक्केच उरते. ७२ भागिले २, म्हणजे ३६ वर्षे. ज्या एका लाखात आज जेवढे धान्य, कपडे, औषधे येतात त्याच्या दुप्पट वस्तू घेता याव्यात, तर हे पैसे याच दराने छत्तीस वर्षे ठेवावे लागतील. साडेनऊ वर्षे, बारा वर्षे आणि छत्तीस वर्षे ही तिन्ही उत्तरे एकाच गुंतवणुकीची आहेत आणि तिन्ही खरी आहेत. कोणता दर ७२ खाली ठेवला, एवढाच फरक.

बँकेच्या मुदत ठेवीचा हिशेब मात्र किंचित वेगळा आहे. बहुतेक बँका व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवतात. व्याजावरचे व्याज लवकर सुरू होत असल्याने मुद्दलाच्या स्वतःच्या व्याजाला ७२ पर्यंत जावे लागत नाही. ७० ला काम होते. तिमाही चक्रवाढीने ७ टक्क्यांची ठेव दहा वर्षांत दुप्पट होते, तर ७२ चा भागाकार दहा वर्षे साडेतीन महिने सांगतो. म्हणून मुदत ठेवीसाठी ७० वापरलेले बरे. आणि व्याज क्षणाक्षणाला मिळवले जाते अशी कल्पना केली, तर ही संख्या ६९.३ पर्यंत उतरते. त्याखाली ती जात नाही. गणिताच्या पुस्तकांत काही ठिकाणी ‘सत्तरचा नियम’ किंवा ‘एकोणसत्तरचा नियम’ दिसतो तो यामुळेच.

दर वाढत गेला की उलटे होते. चोवीस टक्क्यांना नियम तीन वर्षे सांगतो. पण तीन वर्षांत व्याज मुद्दलात मिळवण्याच्या खेपाच इतक्या थोड्या येतात की व्याजावरचे व्याज १९ रुपयांपुढे जात नाही आणि रास १९१ च्या आसपास अडकते. टोकाचे उदाहरण ७२ टक्क्यांचे. भागाकार सांगतो एक वर्ष. पण एका वर्षात शंभराचे १७२ च होतात, कारण व्याजावर व्याज मिळण्याची वेळच आलेली नसते. तिथे दुपटीला पूर्ण १०० टक्के लागतात. यावर एक सोपी दुरुस्ती आहे. आठ टक्क्यांच्या वर दर तीन टक्क्यांमागे ७२ मध्ये एक मिळवावा आणि आठच्या खाली तसाच एक वजा करावा. वीस टक्क्यांसाठी ७२ ऐवजी ७६ घेतले तर ३.८ वर्षे येतात आणि नेमके उत्तरही तेच आहे. दोन टक्क्यांसाठी ७० घेतले तर ३५ वर्षे, तेही बरोबर.

नियम कुठे लावायचाच नाही, हेही माहीत हवे. व्याज सरळव्याज असेल, म्हणजे ते दरवर्षी हातात घेतले जात असेल किंवा मुद्दलात मिळत नसेल, तर ७२ ऐवजी १०० ला भागायचे; आठ टक्क्यांना साडेबारा वर्षे. इथे एक जुनी फसगत आहे. ‘दहा वर्षांत पैसे दुप्पट’ ऐकले की पुष्कळांना ते दहा टक्के व्याज वाटते आणि विकणाराही कधीकधी तसेच सांगतो. प्रत्यक्षात तो ७.२ टक्के चक्रवाढ दर असतो. बँकेच्या साडेसात टक्क्यांशी त्याची तुलना केली तर तो कमी आहे, जास्त नाही. तसेच आवर्ती ठेव, एसआयपी किंवा दरवर्षी हप्ता भरण्याची विमा पॉलिसी यांना हा नियम सरसकट लागू पडत नाही. शेवटचा हप्ता मुदत संपण्याच्या जरा आधीच भरलेला असतो. त्याला वाढायला वेळच मिळालेला नसतो. वीस वर्षे हप्ते भरून एकूण भरलेल्या रकमेच्या दुप्पट मिळाले, म्हणून दर ७२ भागिले २० म्हणजे ३.६ टक्के असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. पैसे सरासरी दहा-अकरा वर्षेच गुंतलेले असल्याने दर त्याहून बराच जास्त असतो. नियम एकरकमी ठेवीचा आहे.

पैसे आटण्याचा हिशेब याच भागाकाराने होतो आणि घरखर्चाच्या दृष्टीने तो वाढीच्या हिशेबाहून जास्त उपयोगाचा आहे. किमती वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत असतील, तर ७२ भागिले ६ म्हणजे बारा वर्षांत त्या दुप्पट होतात. किमती दुप्पट झाल्या म्हणजे शंभराच्या नोटेत पूर्वीच्या निम्म्या वस्तू येणार, म्हणून रुपयाची ताकद निम्मी होण्याची मुदतही बारा वर्षेच. वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या जोडप्याला आज महिन्याला चाळीस हजार लागत असतील, तर राहणी काडीनेही न बदलता बहात्तराव्या वर्षी ऐंशी हजार आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी एक लाख साठ हजार लागतील. निवृत्तीच्या दिवशी पुरेशी वाटणारी ठरावीक रक्कम दोन दुपटींनंतर चौथाईवर येते. महागाईच दरसाल चार टक्के राहिली, जे रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्ट आहे, तर एक दुपट अठरा वर्षांनी येते आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षीचा खर्च एक लाखाच्या थोडा पुढेच राहतो. दोन टक्क्यांच्या फरकाने म्हातारपणाच्या तरतुदीचा आकडा केवढा बदलतो, हे दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने इतके चटकन दिसत नाही.

न वाढणाऱ्या रकमांवर हा हिशेब फार कठोरपणे लागू होतो. कर्मचारी पेन्शन योजनेत किमान निवृत्तिवेतन १ सप्टेंबर २०१४ पासून महिना एक हजार रुपये ठरवले गेले. महागाई सरासरी पाच टक्के धरली तर ७२ भागिले ५ म्हणजे १४.४ वर्षे. रक्कम तीच ठेवली, तर २०२९ सालच्या आरंभी त्या हजार रुपयांत २०१४ च्या पाचशे रुपयांइतक्याच वस्तू येतील. अशी रक्कम कागदावर कुणी कमी करत नाही, तरीही ती निम्मी होते.

मात्र ‘किमती सहा टक्क्यांनी वाढतात’ आणि ‘रक्कम सहा टक्क्यांनी घटते’ या दोन गोष्टी एक नाहीत. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे शिल्लक रकमेतूनच दरवर्षी ठरावीक टक्के कापले जात असतील तर, निम्मे होण्याची वेळ ७२ च्या भागाकाराहून लवकर येते. प्राप्तिकराच्या हिशेबात मोटारगाडीवर साधारणतः घटत्या किमतीवर १५ टक्के घसारा धरतात. आठ लाखांची गाडी पहिल्या वर्षाअखेर ६ लाख ८० हजारांची होते, दुसऱ्या वर्षाअखेर ५ लाख ७८ हजारांची, तिसऱ्याला सुमारे ४ लाख ९१ हजारांची आणि चौथ्याला सुमारे ४ लाख १८ हजारांची. चार लाखांचा टप्पा सव्वाचार वर्षांच्या सुमारास ओलांडला जातो. ७२ भागिले १५ मात्र ४.८ वर्षे सांगतो. अशा ठिकाणी ६९ मधून दराचा एक तृतीयांश वजा करून मग भागावे. इथे ६९ वजा ५ म्हणजे ६४, आणि ६४ भागिले १५ म्हणजे ४.३ वर्षे. थोडक्यात, वाढीत दर चढा असेल तर ७२ ची संख्या मोठी करावी लागते आणि घटीत ती लहान करावी लागते.

कर्जात काळाचे एकक फार महत्त्वाचे. गावाकडे ‘तीन टक्क्यांनी पैसे घेतले’ असे म्हटले की ते बहुधा दर महिन्याला शेकडा तीन असते, वर्षाला नव्हे. नियमाला त्याने फरक पडत नाही. दर महिन्याचा असेल तर उत्तरही महिन्यांत येते. ७२ भागिले ३ म्हणजे चोवीस महिने. थकलेले व्याज मुद्दलात धरून दर महिन्याला नवा हिशेब मांडला जात असेल, तर पन्नास हजारांचे दोन वर्षांत एक लाख होतात, चार वर्षांत दोन लाख आणि सहा वर्षांत चार लाख. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा दरही महिन्याचाच असतो. तो साडेतीन टक्के असेल तर काहीही न भरलेली थकबाकी साधारण वीस महिन्यांत दुप्पट होते, आणि दंड व कर त्याखेरीज. दुपटीची ही भीती इथल्या कायद्यालाही ठाऊक होती. हिंदू कायद्यातल्या दामदुपटीच्या नियमाप्रमाणे सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे आणि मुंबई इलाख्यातली न्यायालये हा नियम मानत असत. बहात्तरचा नियम त्या मर्यादेपर्यंत कर्ज किती वेगाने पोचते, हे सांगतो.

दुप्पट पैशांची योजना घेऊन कुणी दारात आले, तर हाच भागाकार उलटा करावा. ‘दोन वर्षांत दुप्पट’ म्हणजे ७२ भागिले २, वर्षाला ३६ टक्के. इतक्या चढ्या दराला नियम कमी सांगतो, नेमका दर ४१ टक्क्यांहून अधिक आहे. ‘सहा महिन्यांत दुप्पट’ म्हणजे महिन्याला बारा टक्के, आणि त्या गतीने वर्षात एकाचे चार. ज्या धंद्यात खरोखर एवढी कमाई होते, त्याला बँक याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या दराने कर्ज देईल; घरोघरी फिरून लोकांना ४१ टक्के देण्याचे त्याला कारण नाही. म्हणून दुपटीची मुदत सांगणाऱ्याला आधी वार्षिक दर कागदावर लिहून मागावा, तो चक्रवाढ आहे की सरळ ते विचारावे, आणि ७२ शी ताळा जुळला नाही तर पैसे देऊ नयेत.